सेक्रेटरीपद नको म्हणायचं कसं?

प्रश्न : आमची बेळगावात टिळकवाडीत २४ फ्लॅटची अपार्टमेंट आहे. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलते, आणि ओव्हरटाइम कधी लागेल ते आधी कळत नाही. येत्या रविवारी जनरल बॉडी आहे. जुन्या सेक्रेटरींनी सोडलंय आणि सगळे माझंच नाव घेतायत, 'तू तरुण आहेस, कन्नड चांगलं येतंय, दिवसा घरीही असतोस की.' मोठ्या माणसांचा मान राखून नाही कसं म्हणायचं? आणि मला न विचारता नाव घातलं तर पुढे काय करायचं?

उत्तर :

रविवारची वाट बघू नका. सभेत नाही म्हणणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उशिराचं असतं. मी स्वतः सहा वर्षं आमच्या इमारतीचा सेक्रेटरी होतो. गेली अठरा वर्षं शहापूर, टिळकवाडी, अनगोळ भागातल्या इमारतींचे हिशेब आणि प्रोसीडिंग लिहून देतोय. एवढ्या सभांमध्ये आयत्या वेळी नाही म्हणून खरंच सुटलेली माणसं मी फार थोडी पाहिली. अहवाल आणि हिशेब होतात, चहा येतो, मग अध्यक्ष म्हणतात, 'आता सेक्रेटरीचं बघूया.' कुणीतरी नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात. तुम्ही उठून काही बोलेपर्यंत लिहिणाऱ्याने 'सर्वानुमते' हा शब्द लिहिलेला असतो. त्यानंतर तुम्ही जे बोलता ते लोकांना नकारासारखं वाटत नाही, संकोचासारखं वाटतं. 'होऊ दे की, शिकशील हळूहळू' म्हणून पुढचा विषय सुरू होतो.

म्हणून गुरुवारी किंवा शुक्रवारी अध्यक्षांच्या घरी जा. फोन नको, ग्रुपवर मेसेज तर मुळीच नको. ग्रुपवर नाही लिहिलंत की चोवीस घरं एकाच वेळी तुमची समजूत घालायला लागतात, आणि एखाद्याने तिरकस काही लिहिलं तर नकार बाजूला राहून भांडण उभं राहतं. अध्यक्षांना आधी कळलं तर त्यांना दुसरं नाव शोधायला दोन दिवस मिळतात. मान राखणं म्हणतात ते हेच. सभेत सगळ्यांसमोर त्यांची अडचण झाली नाही, तर तुमचा नकार ते मनावर घेत नाहीत. सूचक-अनुमोदक कोण असणार हे साधारण माहीत असेल तर त्यांनाही भेटा. बहुतेक इमारतींत ते दोघं ठरलेलेच असतात.

आता बोलायचं काय ते बघू. 'मला वेळ नाही' हे वाक्य तुमच्या बाबतीत चालणार नाही, आणि का चालणार नाही ते नीट समजून घ्या. तुमची सेकंड शिफ्ट असते तेव्हा सकाळी दहा वाजता तुमची गाडी पार्किंगमध्ये उभी दिसते. फर्स्ट असते तेव्हा तुम्ही अडीच-तीनला जिना चढताना दिसता. थर्ड असते तेव्हा तुम्ही दिवसभर घरीच असता, फक्त झोपलेले असता, आणि ते कुणाला दिसत नाही. सकाळी नऊला जाऊन संध्याकाळी सातला येणाऱ्या बँकेतल्या माणसाला कुणी 'दिवसा असतोस की' म्हणत नाही, शिफ्टच्या माणसाला मात्र हमखास म्हणतात. तुमचं नाव पुढे येण्यामागे तुमच्या कन्नडइतकीच ही पार्किंगमधली गाडी आहे. तेव्हा वेळ नाही म्हणालात तर समोरचा मनात गाडी मोजतो आणि तुम्ही टाळताय असं त्याला वाटतं.

खरं कारण वेगळं आहे, तेच सांगा: तुमची वेळ ठरलेली नाही, आणि सेक्रेटरीची कामं दुसऱ्यांच्या वेळेवर चालतात. हे नुसतं सांगण्यापेक्षा मांडून दाखवलेलं चांगलं. मी सेक्रेटरी असताना एका महिन्याचे तास वहीत लिहून ठेवले होते. आमचीही इमारत २४ फ्लॅटचीच. त्या महिन्यात लिफ्ट दोनदा अडकली. लिफ्टवाला दोन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमाराला आला आणि दोन्ही वेळा त्याच्याबरोबर दीड-दीड तास उभं राहावं लागलं, कारण मशीनरूमची किल्ली आणि 'काम झालं' ही सही दोन्ही सेक्रेटरीची. वरची टाकी आणि खालचा संप साफ करायला माणसं आली, चार तास गेले. संप साफ करायचा म्हणजे नळाचं पाणी आणि बोअर यांचा मेळ घालावा लागतो, नाहीतर दुपारी चोवीस घरांत पाणी नसतं. बँकेत एकदा दोन तास. कॉमन मीटरच्या बिलाची तक्रार घेऊन हेस्कॉमच्या कचेरीत दोन तास. मेंटेनन्सच्या पावत्या, मागे लागणं, फोन, मेसेज मिळून पाच तास. वॉचमन गावी गेला तेव्हा बदली माणूस बघायला एक तास, आणि कमिटीची बैठक दोन तास.

एकूण १९ तास. महिन्याला १९ तास ऐकून लोक म्हणतात, 'एवढंच ना?' आणि तुम्हीही कदाचित तेच म्हणाल. पण त्यातले लिफ्ट, टाकी, बँक आणि हेस्कॉमचे मिळून ११ तास कामाच्या दिवशी, दहा ते पाचच्या दरम्यानचे होते. त्यांतला एकही मी निवडलेला नव्हता. लिफ्टवाला म्हणेल तेव्हा अकरा. टाकीवाला मंगळवारी म्हणाला तर मंगळवारी. पावत्यांचे पाच तास तुम्ही रात्री अकराला बसूनही कराल, हे अकरा तास तसे सरकवता येत नाहीत. तुमच्या तीन आठवड्यांच्या फेऱ्यात एक आठवडा थर्डचा, म्हणजे सकाळी अकरा ही तुमची मध्यरात्र. एक फर्स्टचा, म्हणजे त्या वेळी तुम्ही मशीनवर, जिथे फोन घेणंही कठीण. राहिला सेकंडचा. त्या आठवड्यात सकाळ मोकळी दिसते खरी, पण ओव्हरटाइम लागून पहाटे आलात तर तीही गेली. तीन आठवड्यांत एक आठवडा, तोही खात्रीचा नाही. लिफ्टमध्ये कुणाची आजी अडकली तर ती तुमच्या सेकंड शिफ्टची वाट बघणार नाही.

अध्यक्षांकडे जाताना फोनमध्ये गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शिफ्टचं वेळापत्रक असू द्या. त्यांना म्हणा, 'काका, काम करायला माझी ना नाही. पण लिफ्टवाला येईल तेव्हा मी असेनच असं मी एकाही आठवड्याचं सांगू शकत नाही. हे बघा.' एवढं पुरे. पुढे आईचं दुखणं, मुलाची दहावी, बायकोची नाराजी अशी कारणं जोडत बसू नका, ती खरी असली तरीही. आपण कारणांची रास घालतो तेव्हा ऐकणारा त्यातलं सगळ्यात लेचंपेचं कारण उचलून त्याचा उपाय सांगतो. 'दहावी काय, मार्चमध्ये संपतीय की.' मग मूळ कारण मागेच पडतं.

यानंतर तडजोड सुरू होईल. ठरलेले तीन-चार प्रस्ताव असतात: 'वर्षभर तरी बघ', 'वहिनी बघतील, नाव तुझं असू दे', 'सगळं आम्ही करतो, तू फक्त सही कर.' पहिला त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, पण वर्ष संपताना पुन्हा हीच सभा होते आणि पुन्हा कुणी तयार नसतं. मी सहा महिन्यांसाठी म्हणून हो म्हटलं होतं, त्याची सहा वर्षं झाली. दुसऱ्यात तुमच्या घरातल्या माणसाला न विचारता तिच्यावर काम टाकलं जातं. वहिनींना खरंच करायचं असेल आणि त्या मालक किंवा सहमालक असतील, तर त्यांचं नाव त्यांच्या स्वतःच्या होकाराने यावं. तिसरा प्रस्ताव मात्र धोक्याचा, आणि तोच सगळ्यात गोड लागतो.

मच्छेकडच्या १८ फ्लॅटच्या एका इमारतीचे हिशेब मी उशिराने हाती घेतले, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एका कारखान्यातल्या माणसाला असंच 'नावापुरतं' खजिनदार केलं होतं. असोसिएशनचं खातं अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांच्या सहीने चालायचं. हा माणूस रात्रपाळीला, सहीसाठी सापडायचा नाही. म्हणून त्याने चेकबुकातल्या पाच कोऱ्या चेकांवर सह्या करून ते अध्यक्षांकडे ठेवले. अध्यक्ष सज्जन माणूस, लबाडी कुणाच्याच मनात नव्हती. लिफ्टच्या वार्षिक कराराचा ४६,००० रुपयांचा चेक गेला तेव्हा खात्यात होते ३१,०००. दोन-तीन घरांचा मेंटेनन्स थकला होता आणि शिल्लक बघणं हे ज्याचं काम, तो नावापुरताच होता. चेक परत गेला.

चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यायची असते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तशी नोटीस आली, असोसिएशनच्या नावे, आणि सही करणाऱ्या दोघांच्या नावेही. खजिनदाराला रात्रपाळी करून आल्यावर, दारात पोस्टमन उभा असताना, आपण काय सही केली होती ते पहिल्यांदा कळलं. पुढे तातडीची सभा घेऊन दर घरी ८५० रुपये काढले, १५,३०० जमले, खात्यातले ३१,००० मिळवून पैसे मुदतीत भरले आणि प्रकरण तिथेच थांबलं. पण त्या पंधरा दिवसांत त्या माणसाला दोन रजा घालाव्या लागल्या, आणि इमारतीत 'याने लक्ष दिलं नाही' असं बोललं गेलं ते वेगळंच. कामाला नव्हता म्हणून दोष त्याचा, आणि काम न करण्याच्या अटीवरच त्याला घेतलं होतं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

म्हणून 'फक्त सही'ला एकच उत्तर: 'सही माझी असेल तर काम मी बघायला पाहिजे, आणि ते मला जमत नाही.' बँकेला आणि नोटीस पाठवणाऱ्याला नावापुरता असा कुणी माहीत नसतो. ते सही बघतात.

नकाराबरोबर काही द्यावंसं वाटत असेल तर एक काम द्या, पण ते निवडताना तीन गोष्टी बघा. त्यात पैसे नकोत, सही नको, आणि ते दुसऱ्याच्या घड्याळावर चालणारं नको. तुमच्या बाबतीत असं काम समोरच आहे, ते म्हणजे कन्नड. आपल्याकडे सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये चालतो. महापालिका, हेस्कॉम, निबंधक कार्यालय, कुठूनही काही आलं तर ते वाचून मराठीत सांगणारा आणि उत्तर कन्नडमध्ये लिहून देणारा माणूस प्रत्येक इमारतीला लागतो. टिळकवाडीतल्या कितीतरी इमारतींत पंचाहत्तरीतले काका पत्र हातात घेऊन शेजारच्या कॉलेजातल्या पोराला शोधत फिरतात, हे मी पाहिलंय. हे काम रात्री अकराला, पहाटे पाचला, कधीही होतं. म्हणा, 'कागद मला फोटो काढून पाठवा, तीन दिवसांत अर्थ आणि उत्तराचा मसुदा देतो. सही आणि कचेरीत नेऊन देणं कमिटीचं.' शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर पहिलंच पत्र घेऊन तुम्हालाच जावं लागेल, साहेब नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागेल, आणि पदाशिवाय तुम्ही सेक्रेटरी होऊन बसाल. मुदतही सांगा: पुढच्या वार्षिक सभेपर्यंत.

आता सभेचा दिवस. रविवारी शिफ्ट नसेल तर जा. गैरहजर माणसाचं नाव घालणं सगळ्यात सोपं असतं. जाणं शक्यच नसेल तर आदल्या दिवशी पुढच्यासारखं पत्र अध्यक्षांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले', तारीख आणि सही घ्या:

> मा. अध्यक्ष यांस,
> दि. … रोजीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी किंवा अन्य पदासाठी माझे नाव सुचवले जाण्याची शक्यता आहे असे समजले. माझ्या नोकरीच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत असल्यामुळे पदाचे काम नियमित पाहणे मला शक्य नाही. त्यामुळे कोणत्याही पदासाठी माझी संमती नाही. बँक खात्यावर सही करणारा म्हणूनही माझे नाव देऊ नये. असोसिएशनला आलेली कन्नड पत्रे वाचून उत्तराचा मसुदा करून देण्याचे काम मी पुढील वार्षिक सभेपर्यंत करीन.
> हे पत्र सभेत वाचून दाखवून इतिवृत्तात नोंद व्हावी ही विनंती.
> फ्लॅट क्र. …, सही, तारीख

'कोणत्याही पदासाठी' आणि 'बँक खात्यावर' हे शब्द मुद्दाम घातलेत. नुसतं सेक्रेटरीपद नाकारलंत तर सभेत 'मग जॉइंट सेक्रेटरी राहा' असं होतं, आणि चार महिन्यांनी मुख्य सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला गेले की सगळं तुमच्याकडेच येतं.

सभेत हजर असाल तर नाव सुचवल्याबरोबर, अनुमोदनाआधीच उभे राहा. बसून बोललेलं लिहिणाऱ्याच्या कानावर जात नाही. 'माझी संमती नाही, मी अध्यक्षांना आधी सांगितलंय, पत्रही दिलंय' एवढंच म्हणा आणि लिहिणाऱ्याकडे बघून 'हे लिहून घ्या' म्हणा. लोक नाराज होतील, एखादे आजोबा 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणतील. त्यांना उत्तर देऊ नका. सभा संपल्यावर मात्र प्रोसीडिंग बुक बघितल्याशिवाय घरी जाऊ नका. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. बऱ्याच ठिकाणी हजेरीची सही सुरुवातीलाच घेतात आणि ठराव नंतर, कधी दोन दिवसांनी, घरी बसून लिहितात. लिहिणारा जुनं बघून उतरवतो आणि 'सर्वानुमते निवड' हे वाक्य त्याच्या हातात बसलेलं असतं. इतिवृत्त इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तरी तुमचं नाव ज्या ओळीत आहे ती ओळ वाचून घ्या. त्याच दिवशी लिहून झालं नसेल तर कधी होणार ते विचारा आणि त्या दिवशी जाऊन फोटो काढून ठेवा.

एवढं करूनही नाव घातलं गेलं, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत लेखी कळवा. उशीर का चालत नाही ते सांगतो. सभेनंतर त्या ठरावाचे कागद दोन दिशांना जातात. एक, संस्था कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असेल तर नव्या पदाधिकाऱ्यांची नावं, पत्ते आणि वर्षाचे हिशेब जिल्हा निबंधकाकडे जातात. दोन, ठरावाची प्रत बँकेत जाते. बँकेचा टप्पा तुमच्या हातात आहे: नव्या सहीसाठी बँक तुमचं पॅन, आधार, फोटो आणि नमुना सही मागते. हे तुम्ही दिलं नाहीत तर तुमची सही खात्यावर चढत नाही. 'फक्त झेरॉक्स द्या, बाकी आम्ही बघतो' म्हणून कुणी आलं तर झेरॉक्स देऊ नका. निबंधकाकडची यादी मात्र तुमच्या सहीविनाही जाऊ शकते, म्हणून पत्र लवकर द्यायचं आणि यादीत नाव जाऊ नये असं त्यात स्पष्ट लिहायचं.

इथे एक सांगायला हवं. मराठीत या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्यामुंबईचं. तिथल्या गृहनिर्माण संस्था महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याखाली येतात, त्यांचे उपविधी, निवडणुका, उपनिबंधक सगळं त्या कायद्याचं. आपल्याकडच्या अपार्टमेंट बहुतेक एकतर वर सांगितलेल्या १९६० च्या कायद्याखाली किंवा कर्नाटक अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७२ खाली डीड ऑफ डिक्लरेशन करून चालतात. कोल्हापूरच्या मेहुण्याने सांगितलेलं कलम इथे सभेत वाचून दाखवलं तर ते लागू होत नाही आणि तुमचं बोलणं मात्र कमजोर पडतं. तुमच्या खरेदीखताबरोबर मिळालेली बायलॉजची प्रत काढा आणि त्यात तीनच गोष्टी शोधा: पदाधिकारी कसे निवडायचे, किती काळासाठी, आणि पद रिकामं झालं तर ते कुणी भरायचं. राजीनामा कुणाला द्यायचा हेही त्याच पानांत सापडेल. मारून मुटकून पदावर बसवण्याची तरतूद मी वाचलेल्या एकाही बायलॉजमध्ये नव्हती.

एक प्रसंग असा आहे जिथे मी तुम्हाला सरळ नकार द्या म्हणणार नाही. काही लहान इमारतींत फ्लॅट नंबरप्रमाणे पाळी ठरलेली असते, यंदा १०१, पुढच्या वर्षी १०२. तुमच्याकडे तसा ठराव झाला असेल आणि त्यावर तुमची किंवा तुमच्या वडिलांची सही असेल, तर नाही म्हणणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं, आणि शेजारी ते विसरत नाहीत. तिथे पाळी बदलून मागा. ज्यांचं रिटायरमेंट जवळ आलंय अशा कुणाशी वर्षाची अदलाबदल करा आणि तो बदल ठरावात लिहून घ्या.

आणि रविवारी खरंच कुणीच तयार झालं नाही तर? तेव्हा सगळे पुन्हा तुमच्याकडे वळतील, म्हणून त्या वेळेसाठी एक प्रस्ताव अध्यक्षांच्या कानावर गुरुवारीच घालून ठेवा. मी वर सांगितलेले ते दिवसाचे ११ तास पगारी माणसाकडून करून घेता येतात. आमच्या भागातल्या दोन इमारतींनी रिटायर्ड, जवळच राहणारा एक माणूस ठेवलाय. लिफ्टवाल्याबरोबर उभं राहणं, टाकी, हेस्कॉम, बँकेत कागद नेऊन देणं एवढंच तो करतो. निर्णय आणि सह्या कमिटीच्या. समजा महिन्याला ३,६०० रुपये दिले, तर २४ घरांत दर घरी १५० रुपये पडतात. हे झालं की सेक्रेटरीचं काम आठ तासांवर येतं, तेही संध्याकाळी करता येणारं, आणि मग आजवर नाही म्हणणाऱ्यांतलं कुणीतरी हो म्हणतं. तळमजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांना धावपळ जमत नसते, पण वही आणि बैठक ते आनंदाने सांभाळतात.

हा प्रस्ताव तुम्ही स्वतः मांडलात तर तुमचा वाटा १५० रुपयांचा, आणि तो द्यायला पहिल्यांदा तयार तुम्ही आहात हेही तिथेच सांगा. मेंटेनन्स वाढवायचा तर ठराव लागेल, म्हणून हा विषय सभेच्या विषयपत्रिकेत आधीच घालायला सांगा. 'ऐनवेळचे विषय' म्हणून पैसे वाढवले तर पुढे कुणीतरी हरकत घेतो. रविवारच्या सभेची नोटीस निघून गेली असेल तर त्या दिवशी नुसती चर्चा करून घ्या, जुन्या सेक्रेटरींना महिनाभर थांबायची विनंती करा आणि रीतसर नोटीस काढून एक खास सभा बोलवा. जुने सेक्रेटरी महिन्याला सहसा हो म्हणतात, त्यांनाही दप्तर, किल्ल्या आणि चेकबुक नीट कुणाच्या तरी हातात द्यायचं असतंच.

गुरुवारी तुमची कुठली शिफ्ट आहे मला माहीत नाही. फर्स्ट असेल तर संध्याकाळी सातला जा, दिवेलागणीनंतर, जेवायच्या आधी. पत्राच्या दोन प्रती बरोबर ठेवा.